काकडी, दोडका आणि रामप्रसादशेठ

धम्मपाल जालन्यात बियाण्यांच्या पाकिटांचं डिझाइन करायचा. छापखान्यातली नोकरी सोडून वर्ष झाल्तं. आता हैदराबादच्या एका कंपनीनं त्याच्या लिंक्डइनची लिंक मागितली, तेव्हा त्यानं शिफारशींचा भाग बायकोला, आकांक्षाला दाखवला. ती शाळेत मराठी शिकवते.

"मनमिळाऊ, कष्टाळू, वक्तशीर," तिनं वाचलं. "अहो, ही शोकसभा आहे का? तिन्ही साहेबांच्याच. सोबत काम केलेलं कुणी न्हाई, गिऱ्हाईक न्हाई."

त्यानं तीनपैकी दोन साहेब लपवले. सर्वात नवी शिफारस वर दिसते, म्हणून आधी छापखान्यातल्या प्रेमला लिहायला सांगितलं, आणि गिऱ्हाईक वर यावं म्हणून अंबडच्या रामप्रसादशेठला शेवटी.

प्रेमनं लिहिलं, ‘धम्मपाल माझ्या बहिणीच्या लग्नात शेवटपर्यंत वाढत होता.’ धम्मपालनं ते न स्वीकारता बदलायची विनंती पाठवली. दुसऱ्यांदा मशीनवरच्या रंगांचं आलं, ते त्यानं लावलं.

रामप्रसादशेठनं मनापासून लिहिलं, ‘याने एकदा काकडीच्या पाकिटावर दोडका छापला. पण दुसऱ्याच दिवशी अंबडला येऊन दुकानात बसून पाचशे पाकिटांवर स्वतः स्टिकर लावले. असा माणूस मिळत नाही.’

धम्मपालनं आधी ते लावलं, मग नीट वाचलं. कंपनीवाले दोडकाच वाचतील! लावलेली शिफारस त्यानं पाच मिनिटांत लपवली.

दुपारी शेठचा फोन आला.

"माझं लिहिलेलं कुठं गेलं? दुकानात पाच माणसं बसली, त्यायला दाखवून राह्यलो अन् ते दिसंना!"

"शेठ, त्यात दोडका..."

"मंग? छापला न्हाई का?"

"छापला."

"चिकटवलं न्हाई का?"

"चिकटवलं."

"मंग जल्दी दाखव. मी या लोकायला सांगितलं, आमचं नाव इंटरनेटवर आलं म्हणून."

धम्मपालनं बटण परत फिरवलं. दोन दिवस तो फोनकडं बघायलाही घाबरत होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीतून शीतल मॅडमचा फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाचशे स्टिकर लावायला किती वेळ लागला?"

"सहा तास. शेठनं मधे दोनदा चहा पाजला."

त्या खूप हसल्या. "आमच्याकडं चुकीचं छापून आलं, तर डिझायनर फोनच उचलत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि भेंडीच्या पाकिटांचं काम दिलं.

काम आवडल्यावर मॅडमनी स्वतःहून शिफारस लिहिली. धम्मपालनं आनंदानं लावली. आता एक साहेब, एक सोबती, दोन गिऱ्हाइकं. आकांक्षानं वाचून मान डोलावली.

संध्याकाळी अंबडहून फोन.

"मी दोन नंबरला कसा आलो?"

"शेठ, ते तारखेनं लागतं. नवीन आलं की वर. माझ्या हातात न्हाई."



"मंग त्या बाईला लपव."