घड्याळबाईंचा हात

आमच्या दवाखान्यात गरोदर बायांच्या तपासणीला नर्सची दोन टेबलं आहेत. एक माझं, एक तिचं. माझ्यापुढची रांग भराभर सरते आणि तिच्यापुढची मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. तरी नव्या बाया येऊन विचारतात, "घड्याळबाई कुठे बसतात हो?" अठरा वर्षं नोकरी माझी, आणि चौकशी दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या बाईची! अंगाचा तिळपापड होतो.

नाव तिला बायांनीच दिलं. ओटीपोटात दुखतंय म्हणून कोणी आली, की ही तिच्या पोटावर हात ठेवते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि बसून राहते. दहा मिनिटं, कधी वीस. मी तेवढ्यात पाच जणींचे बीपी घेते. मी याला कामचुकारपणा म्हणायचे, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

माझ्याही म्हणण्यात तथ्य होतं. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले, की कूस बदलताना, पटकन उठताना, शिंकताना जांघेत चमक येते. क्षणभर टिकते, जरा थांबलं की जाते. शंभरातल्या कितीतरी जणींना होतं. "सावकाश उठ, गुडघ्यांत उशी घेऊन झोप," एवढं सांगितलं की झालं. त्यासाठी घड्याळ कशाला लागतं?

माझी भावजय पाचव्या महिन्यात तेच दुखणं घेऊन आली होती, तेव्हा मी हेच सांगितलं आणि ते बरोबरच होतं. त्यानंतर ती काहीही म्हणाली की मी तिथेच तोडायचे, "अगं, बंध ताणतात ते. मी आहे ना घरची."

एकतिसाव्या आठवड्यात एका सकाळी मी मान वर केली, तर ती घड्याळबाईंच्या रांगेत! माझ्या टेबलापुढे चारच बाया, तिकडे सतरा. सख्ख्या भावाची बायको, सगळ्यांदेखत. मी उठून तिच्या दंडाला धरलं.

"इकडे ये. दुखतंय ना? ते नेहमीचंच आहे."

"ताई, राहू द्या," ती म्हणाली. "आज त्यांनाच दाखवते."

घड्याळबाईने आमच्याकडे पाहिलं. रांग मोडून तिला आधी आत घेतलं, कुशीवर निजवलं, पोटावर हात ठेवला. मी पडद्यापाशीच उभी राहिले. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावते.

"हलल्यावर दुखतं, की पडून असतानाही?"

"पडूनही. येतं, जातं. कंबरेतून पुढे येतं. आणि खाली जड वाटतं, बाळ खाली टेकल्यासारखं."

"रक्त? पाणी?"

"रक्त नाही. सकाळपासून अंगावरून जरा जास्त पातळ जातंय."

"बाळ हलतंय?"

"हलतंय."

"लघवीला जळजळ, ताप?" तिने तेही विचारलं. दोन्ही नव्हतं. मग ती घड्याळाकडे बघत बसली. घड्याळाचा काटा फिरत होता. तिच्या हाताखाली पोट कडक व्हायचं, पाऊण मिनिटाने सैल पडायचं. वीस मिनिटांत चार वेळा. बंधांचं दुखणं असं ठेक्यात येत नसतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

"डॉक्टरांना बोलवा," ती मला म्हणाली. "दिवस भरण्याआधीच्या कळा वाटतात."

मी धावले. डॉक्टरांनी तपासलं, गर्भाशयाचं तोंड किंचित उघडलं होतं. लगेच भरती केलं. कळा थोपवायचं औषध, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन. "आणखी काही तास घरी काढले असते तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी भावजयीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काल दोनदा सांगायला लागले होते, ताई. तुम्ही पुढचं ऐकून घेत नाही."

मला रडू आलं. पण खरं सांगायचं, तर भीतीपेक्षा हेच जास्त झोंबलं, की जे मी ऐकलं नाही ते घड्याळबाईने ऐकलं.

तिसऱ्या दिवशी कळा पूर्ण थांबल्या. भाऊ आला, माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "तायडे, तू इथे होतीस म्हणून माझं बाळ वाचलं." घड्याळबाई पलीकडच्या खाटेशी सलाईन बदलत होती. भावजय माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो रे. वेळेवर लक्षात आलं."

घड्याळबाईने बाटली अडकवली, थेंब मोजले आणि जाता जाता भावाला म्हणाली, "घरच्यांनी आता ताईंना त्रास देऊ नका, दमल्यात त्या." टोमणा नव्हता. त्या दिवशी मी तिचा जितका राग केला, तितका जन्मात कुणाचा केला नाही.