रिकाम्या टेपा

ऐंशीच्या दशकात नागपुरात कॉम्प्युटर बघायला लोक चप्पल काढून आत यायचे. मी तेव्हा धंतोलीतल्या एका खासगी कंपनीत रात्रपाळीला मशीन सांभाळायचो. स्वतःचं मशीन घेणं न परवडणारे कारखाने आणि सोसायट्या पगाराचा, बिलांचा हिशेब आमच्याकडे पाठवायच्या. दिवसभर मुली टर्मिनलवर आकडे भरायच्या, रात्री मी ते छापून काढायचो. घर कन्हानला. संध्याकाळच्या बसने यायचं, सकाळच्या बसने परत. बापाला शेवटपर्यंत वाटायचं की मी कुठेतरी वॉचमन आहे. त्यात फार खोटं नव्हतं.

मला हे काम ज्याने शिकवलं त्याला मी भाऊ म्हणायचो. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मशीनची सगळी जबाबदारी त्याची, मुख्य पासवर्डही फक्त त्याच्याकडे. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागे त्याचं घर होतं. रात्रपाळी संपली की बस धरण्याआधी बरेचदा तिथे जायचो. वहिनी तर्री-पोहे करायच्या, वर तिखट रस्सा ओतलेले. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायलाही भाऊच सोबत आला होता, आणि मुलीच्या वडिलांना त्याने सांगितलं होतं, "पोरगा माया लहान भाऊच समजा."

त्या उन्हाळ्यात मशीन रोज रात्री बंद पडायला लागलं. मध्यरात्र उलटून काही वेळ झाला की प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबायचा, टर्मिनल गोठायचे, कुठलंही बटण दाबा, उत्तर नाही. मग मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि छपाई पहिल्यापासून. सकाळी पगारपत्रकं न्यायला माणूस यायचा आणि कागद अर्धेच असायचे.

पहिल्यांदा सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. मग व्होल्टेजला. एसी दुरुस्त झाला, नवा स्टॅबिलायझर आला. मशीन पडतच राहिलं. पडताना कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या मुख्य पडद्यावर, एकच ओळ उमटायची, डिस्कवर जागा शिल्लक नाही. पण सकाळी भाऊ येऊन बघायचा तर अर्धी डिस्क मोकळी.

"पाह्य," तो म्हणायचा, "एवढी जागा आहे. मशीनच खोटं बोलून राहिलं."

साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, तोंडावर काही बोलत नसत. पण एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "रात्री झोप लागते का हो तुम्हाला?" मी बाहेर येऊन भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मी आहे ना." मला बरं वाटलं. तो आहे एवढं मला पुरेसं होतं.

मग एका रविवारी राहिलेलं काम उरकायला मी सुट्टी असून गेलो. एसी त्या दिवशी नेमका बंद होता. खोलीत बसवत नव्हतं, मी बनियनवर होतो. आणि मशीन सकाळपर्यंत न अडखळता चाललं. उकाडा सगळ्यांत जास्त असलेल्या रात्री ते पडलं नाही, म्हणजे उन्हाचा संबंध नव्हता. मग रविवारी वेगळं काय होतं? बसमध्ये कामठी मागे पडली तेव्हा लक्षात आलं. रविवारी बॅकअप नसतो.

बॅकअप म्हणजे दिवसभराच्या सगळ्या कामाची नक्कल. ठरलेल्या वेळी मशीन तो आपोआप सुरू करायचं. आधी सगळा माल गोळा करून डिस्कच्या तात्पुरत्या जागेत एक मोठी फाइल बनवायची, ती टेपवर उतरवायची, आणि उतरली की फाइल पुसून टाकायची. आमचं काम एवढंच, की संध्याकाळी त्या दिवसाची टेप, जेवणाच्या ताटाएवढं ते चाक, टेप फिरवणाऱ्या ड्राइव्हवर चढवून ठेवायचं. सकाळी उतरवून कपाटात. आत काय उतरलं ते बघणं भाऊकडे होतं.

सोमवारी मी छपाई लावून दिली आणि ड्राइव्हसमोर स्टूल घेऊन बसलो. बॅकअप सुरू झाला. डिस्कवर किती जागा उरली ते थोड्या थोड्या वेळाने विचारत होतो. फाइल बनली, जागा कमी झाली, ठीकच. टेप फिरायला लागली. थोडी पुढे गेली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. लिहायचा प्रयत्न होत होता आणि जमत नव्हता. शेवटी टेप सुरुवातीला गुंडाळली गेली. आता काम संपेल, निदान काही तक्रार तरी उमटेल, म्हणून मी कन्सोलकडे बघत राहिलो. काहीच उमटलं नाही. उलट दुसरी फाइल बनू लागली, वेगळ्या नावाने. पहिली पुसलीच नव्हती. मग तिसरी. माझ्या डोळ्यांसमोर डिस्क भरत गेली आणि प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबला.

मशीन पुन्हा सुरू होताना तात्पुरत्या जागेतलं सगळं स्वतः साफ करायचं. म्हणून सकाळी डिस्क मोकळी दिसायची. मशीन खोटं बोलत नव्हतं.

बॅकअपचा आदेश, म्हणजे मशीनने ओळीने काय काय करायचं ती यादी, मला बदलता येत नव्हता, पण वाचता येत होता. वाचला. कुणीतरी त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या. टेपने नकार दिला तर पहिल्यापासून पुन्हा प्रयत्न करायचा. आणि टेपची कुठलीही तक्रार कन्सोलवर येऊ द्यायची नाही. बदल जुना नव्हता, आणि तो करता येईल असा पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

मी कपाटातून गेल्या आठवड्याच्या टेपा काढल्या आणि एकेक चढवून वाचायला लावली. एकीवरूनही धड काही आलं नाही. बाहेरून प्रत्येकीवर भाऊच्या सुंदर अक्षरात वार लिहिलेला. त्या दिवशी डिस्क जळाली असती तर हजारो माणसांच्या पगाराचा हिशेब कायमचा गेला असता.

तरी मला त्याचा राग आला नाही. वाटलं, चूक झाली असेल, त्याला आधी सांगावं. सकाळी सरळ इतवारीत गेलो. वहिनींनी पोहे दिले. मी सगळं सांगितलं. भाऊ शांतपणे ऐकत होता.

"टेपा तू स्वतः वाचल्या?"

"हो."

"आदेश पाह्यला?"

"पाह्यला, भाऊ. तुम्हीच बदलला का?"

त्याने आपली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "ड्राइव्हचं टेपवर लिहिणारं हेड खराब झालं गा. सर्व्हिसिंगचं काम मी साहेबाच्या पाया पडून माया साळ्याले मिळवून देल्लं होतं. त्याच्याच्यानं ते दुरुस्त होऊन नाही राहिलं. सुरुवातीले दुसऱ्या-तिसऱ्या खेपेले टेप लिहून घ्यायची, म्हणून तसं केलं. आता तेही होत नाही."

"मग साहेबाले सांगा ना."

"सांगतो. आजच सांगतो, माया तोंडानं. तू घरी जाऊन झोप." आणि वहिनींकडे वळून, "याले आणखी तर्री वाढ." मग अगदी सहज विचारलं, "आणखी कोणाले बोललास?"

"कोणालेच नाही."

"शहाणा आहेस."

मी पोटभर खाऊन कन्हानला गेलो आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपलो.

संध्याकाळी ऑफिसात पोचलो तर साहेब थांबलेले होते. भाऊ त्यांच्या बाजूच्या खुर्चीत. साहेब म्हणाले, "कारण सापडलं. यांनी शोधून काढलं. तुम्ही टेपला रिंग लावत नाही."

टेपच्या चाकामागे प्लॅस्टिकची एक रिंग बसवावी लागते. ती नसेल तर ड्राइव्ह टेप वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. हे मला पहिल्याच दिवशी भाऊने शिकवलं होतं.

मी भाऊकडे बघितलं. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

"भाऊ, सकाळी आपलं काय बोलणं झालं?"

"तू आलता सकाळी," तो साहेबांकडे बघत म्हणाला. "घाबरला होता बिचारा. साहेब, नवीन पोरगं आहे, चूक होते. कामावरून काढू नका."

माझ्या बाजूने बोलत बोलत त्याने मला बुडवलं. मी टर्मिनलवर जाऊन आदेश उघडला. तो पूर्वीसारखा झाला होता. दोन्ही ओळी गायब. माझ्याकडे जे जे होतं ते मी सकाळी स्वतःच त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि दिवसभर त्याने ते एकेक करून पुसलं होतं.

मी पुन्हा साहेबांसमोर आलो. मी म्हणालो, "साहेब, रिंग नसती तर ड्राइव्हने लिहायला घेतलंच नसतं, टेप जागची हललीच नसती. ती पुढे-मागे होते, मी पाहिलंय. तुम्ही नवी टेप काढा. रिंग तुमच्या हाताने बसवा. आत्ता बॅकअप लावू."

भाऊ म्हणाला, "आता मुली काम करून राहिल्या, मशीन हळू होईल."

"होऊ द्या," साहेब म्हणाले.

त्यांनी स्वतः रिंग बसवली. टेप फिरली. पुढे, मागे, पुढे, मागे. यावेळी कन्सोलवर तक्रार उमटली, कारण ती दाबणारी ओळ भाऊने स्वतःच काढली होती. टेपवर लिहिता येत नाही. साहेबांनी ती दोनदा वाचली. मुलींनी टायपिंग थांबवलं होतं. भाऊ म्हणाला, "हेड गेलं वाटतं," जणू त्याला आत्ताच कळलं.

साहेब मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. मला वाटलं, आता भाऊचं काही खरं नाही. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण टेपा रिकाम्या आहेत हे गिऱ्हाइकांना कळलं तर कंपनी बंद होईल. आणि तुमच्या भाऊंशिवाय मशीन चालवणारा माझ्याकडे कोणी नाही. हा विषय इथेच संपवा."

"आणि माझं नाव?"

"मला माहीत आहे ना खरं काय ते. बस झालं."

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन हेड बदलून गेला. त्या रात्रीपासून मशीन एकदाही पडलं नाही. मुलींमध्ये मात्र शेवटपर्यंत हेच राहिलं की हेड त्याच दिवशी गेलं, त्याआधी रात्रवाला रिंग लावायला विसरायचा. साहेबांनी ते खोडलं नाही. भाऊ जागेवरच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मला चहा विचारला, काही झालंच नसल्यासारखा. मी घेतला. पुढे दुसरी नोकरी मिळेपर्यंत मी तिथे राहिलो. त्याच्याशी कामापुरतं बोलायचो आणि प्रत्येक टेप उतरवण्याआधी स्वतः वाचून बघायचो. त्याने बघितलंय यावर मी पुन्हा कधी विसंबलो नाही.

खोट्या आळाचं दुःख काही वर्षांत बोथट झालं. पोह्यांचं मात्र झालं नाही. आणखी तर्री वाढायला सांगताना तो मनात हिशेब करत होता, याला काय काय माहीत आहे, आणि कुणाला सांगितलंय. मी भूक लागली म्हणून खात होतो.

लग्नाच्या भांड्यांसाठी आईबरोबर इतवारीत गेलो तेव्हा गल्लीत वहिनी भेटल्या. हातात भाजीची पिशवी. आईची विचारपूस करून मला म्हणाल्या, "काहून येत नाही आता? काही चुकलं का माया हातून?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला क्षणभर सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग म्हणालो, "नाही वहिनी, कामाची वेळ बदलली."

"मग संध्याकाळी येत जा," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. गेलो मात्र नाही.