पणबाईंचा पण

लोक त्यांना पणबाई म्हणायचे, आणि ते काही प्रेमानं नव्हे. 'हे आसन करा, पण कंबरेत चमक भरली असेल तर करू नका.' 'श्वास रोखा, पण रक्तदाब असेल तर रोखू नका.' प्रत्येक व्हिडिओत हा 'पण' आलाच. कुणीतरी खाली लिहिलं, 'या पणबाई योग शिकवतात की घाबरवतात?' झालं, नाव चिकटलं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "ठेवू दे नाव. मान मोडून घेण्यापेक्षा नावं ठेवलेली बरी."

बाईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या वर्गात दहा-बारा जण यायचे. नवीन माणूस आलं की त्याला आधी खुर्चीत बसवायच्या. गोळ्या कसल्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, चक्कर येते का, सगळं विचारायच्या, मग चटईवर पाऊल. एखाद्याचा चेहरा लाल झाला तर हात धरून खाली बसवायच्या. कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाचा हात कुठून धरणार? तिथं कोण बसलंय, पोटुशी आहे की हृदयाचा पेशंट, देव जाणे. मग सगळ्यांना सगळं तोंडानं सांगायचं, आणि आसन करून झाल्यावर नव्हे, करायच्या आधी सांगायचं. एवढी साधी गोष्ट, पण ती जावयाच्या गळी उतरेल तर शपथ.

जावईबापू चॅनेल सांभाळायचे. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. शूटिंग त्याचं, कापाकापी त्याची, शीर्षकं त्याची. सासूबाईंचं नाव व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. त्याच्याकडे एक आलेख असायचा, बघणारे कुठं टिकतात आणि कुठं पळून जातात ते दाखवणारा.

"आई, बघा," तो म्हणायचा, "तुम्ही 'पण' म्हटलं की रेघ खाली. दर 'पण'ला दहाजण उठून जातात."

"जाऊ देत. ज्याच्यासाठी म्हटलं तो बसला म्हणजे झालं."

"खाली वर्णनात लिहितो ना मी, 'फक्त माहितीसाठी, डॉक्टरांचा सल्ला घ्या.'"

"ते कुणी वाचतं का? तुम्ही वाचता का कधी?"

तो हसला आणि विषय बदलला. बाईंना वाटलं, पटलं. पटलं कसलं डोंबलाचं.

मध्यंतरी शीर्षासनावरचा व्हिडिओ आला आणि चॅनेल एकदम वर गेलं. बाईंनी चित्रीकरण केलं होतं, तयार झालेला व्हिडिओ पाहिला नव्हता. स्वतःचा आवाज ऐकायला त्यांना लाज वाटायची. ओळखीतले लोक अभिनंदन करू लागले, तेव्हा त्यांना एवढंच वाटलं, चला, लोक शिस्त शिकताहेत.

चारेक महिन्यांनी नणंद आली. नणंद शिवणकाम करायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि नणंद-भावजयीचं इतकं जमायचं की घरचेच चिडवायचे.

"वहिनी, तुम्ही माझा चष्मा घालवणार बघा," ती बसता बसता म्हणाली. "भिंतीला टेकून रोज करते शीर्षासन. आणि ते डोळ्यांतले थेंबही सोडले. सुंठीवाचून खोकला गेला."

"कसले थेंब, वन्सं?"

"अहो, काचबिंदूचे. वर्षापूर्वी निघाला. म्हटलं नाही कुणाला, उगाच सगळे म्हातारी म्हणाल."

काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस मरते, आणि गेलेली नजर परत येत नाही. डोकं खाली, पाय वर केले की तो दाब आणखी चढतो. हे त्यांनी त्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून सांगितलं होतं.

"मी तर नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"छे, तुम्हीच तर म्हणालात. ऐका ना."

नणंदेनं मोबाईल लावला. शीर्षक होतं, 'शीर्षासन करा, चष्मा कायमचा घालवा'. आणि बाईंचा स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "शीर्षासनानं चष्मा जातो, डोळ्यांचे थेंबही लागत नाहीत, असं लोक म्हणतात." आणि लगेच त्या पाय वर करताना दिसल्या. पुढचं वाक्य होतं, 'पण ते खरं नाही. काचबिंदू असेल तर हे आसन करूच नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका.' ते गायब होतं. जावयानं त्या व्हिडिओतला प्रत्येक 'पण' शोधून, त्याच्यापुढचा इशारा कापून टाकला होता.

बाईंनी नणंदेला तसंच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दाब चढलेला होता. एका डोळ्याच्या कडेची नजर आणखी उणावली होती. "हे थेंब सोडल्यानं की शीर्षासनानं, किती कशामुळं, मी नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाल्या. "आज थेंब सुरू करा. उलटं लटकणं बंद. उरलंय ते सांभाळायचं."

घरी येऊन बाईंनी जावयाला समोर बसवलं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून आवाज चढवला नाही. त्यानं ऐकलं, पांढराफटक पडला, आणि तरीही म्हणाला, "शीर्षक बदलतो, आई. गुपचूप. गाजावाजा केला तर लोक तुम्हालाच खोटं म्हणतील. चॅनेल बुडेल."

"बुडू दे. चेहरा माझा आहे, आवाज माझा आहे, मीच खोटी ठरले. ज्यांनी पाहून डोकं खाली टेकलंय, त्यांना गुपचूप बदललेलं शीर्षक कळणार कसं? तो व्हिडिओ आत्ता उतरवा. आणि कॅमेरा लावा."

"निदान दोन दिवस..."

"दोन दिवसांत अजून कुणाचे थेंब सुटायचे आहेत? लावा म्हणते ना."

बाई चटईवर बसल्या, आणि शेजारी नणंद, कुणी न सांगता. बाई बोलल्या, "मी योगशिक्षिका आहे, डॉक्टर नाही. माझ्या चॅनेलवर चुकीचं गेलं. शीर्षासनानं चष्मा जात नाही. काचबिंदू बरा होत नाही. माझं ऐकून कुणी औषध सोडलं असेल तर आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि माझं नाव सांगून सांगा. उद्या दुसऱ्या कुणी चॅनेलवर मुळापासून बरं करतो म्हटलं, तर त्याला विचारा, तुला कुणी सांगितलं?"

मग नणंदेनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला. "वहिनी, बाजूनं बोट आणा." बाईंनी बोट हळूहळू पुढं आणलं. बरंच पुढं आलं तरी नणंद गप्प. "आता दिसलं," ती म्हणाली. "कडेचं सगळं गेलं. वहिनींनी नको म्हटलं होतं, पण ते माझ्यापर्यंत आलंच नाही."

दोघी उठल्या. जावई व्हिडिओ चढवायला संगणकासमोर बसला. सवयीनं त्याचा हात माऊसवर गेला. "आई," तो चाचरत म्हणाला, "आत्यांचं ते बोटाचं फार लांबलंय. थोडं कमी करू? लोक थांबणार नाहीत."

नणंद थेंबांची बाटली उघडत होती. तिनं मान वर केली.

"जावईबापू, माझी नजर कापलीत तेवढं पुरे," ती म्हणाली. "हे जसंच्या तसं जाऊ द्या."

तिनं मान मागं टाकली आणि थेंब घातला. जावयानं व्हिडिओ न कापता चढवला.