जमादाराकडे पाठवलेलं पागोटं

माझी बायको जाऊन आता चार महिने झाले. घरात मनातलं बोलायले कोणी नाही, म्हणून लिहून राहिलो. तिच्याबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ चांगलं बोलले. मी एकच गोष्ट सांगतो, कारण ती माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाले माहीत नाही.

समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचं सोनं झालं होतं. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाची आवारं होती. गंज्या घरापेक्षा उंच. एका आवारात मी रातच्या राखणीवर होतो. चार कोपरे, चार माणसं. प्रत्येकाजवळ पाण्याचे रांजण आणि एक काठी. विडी, चिलीम बंद. दिवेलागणीले जमादार फाटकात उभा राहून चौघांची तोंडं पाही आणि आतून अडसर घाली. मग सकाळपर्यंत कोणी बाहेर नाही, बाप मेला तरी नाही. आणि ज्या राती कोपरा रिकामा राहिला त्या राती काही चोरीले गेलं, की पहिला संशय न आलेल्या माणसावर. त्याले थेट चावडीवर नेत.

शिमगा होऊन आठ दिवस झाले असतील. आमची पोरगी तीन वर्षांची. सकाळी खेळत होती. दुपारी अंग तापलं आणि जेवणवेळेनंतर तिनं एकदम डोळे फिरवले, दात आवळले, हातपाय ताठ. आकडी. शेजारच्या म्हातारीनं कांदा फोडून नाकाशी धरला. पोरगी मोकळी झाली आणि झोपली. आमाले वाटलं, गेलं संकट. पण ताप उतरेना. ऊन कललं तसं मले समजलं, आज हिले सोडून जाता येत नाही.

"जमादाराले सांगून येतो," मी म्हटलं.

"तुमी गेले तं तो सोडंल का?" ती म्हणाली. "फाटकात पाय ठेवला का आत घेतो अन् अडसर लावतो. मागं त्या कोपऱ्यावरच्याले तसंच केलं ना? मी जाते."

खरं होतं. पण नुसता निरोप जमादार मानणार नाही हेही खरं होतं. त्या हंगामात माणसाची ओढ इतकी, की शेजारचं आवार जरा जास्त देतो म्हणालं की राखणदार इकडे घरचं आजारपण सांगत आणि तिकडे जाऊन उभे राहत. आमच्याच आवारात महिनाभरात तिघांनी असं केलं होतं.

मग मले अक्कल सुचली. खुंटीवरचं पागोटं काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "हे ठेव त्याच्यापुढं. म्हणावं, बोडक्या डोक्यानं कोणता माणूस दुसऱ्याच्या चाकरीले जाईल?"

तिनं पागोटं घेतलं नाही. "लेकरू असं पडलं असताना घरातल्या माणसानं बोडकं राहू नये. काही दुसरं द्या."

"दुसरं काय देऊ, माझी मान? नेतेस का नाही?"

मी असाच बोलत असे. ती पागोटं घेऊन गेली.

आवारात काय झालं ते तिनं मले मागून सांगितलं. जमादार खाटेवर बसून पाय चोळून घेत होता. तिनं निरोप सांगितला : पोरीले अचानक आकडी आली, अंग तापलेलं आहे, आजच्या राती ते येऊ शकत नाहीत, उद्या दिवेलागणीले येतील.

जमादार हसला. "या वऱ्हाडात कापूस फुटला का लेकरं बी फुटतात काय वो बाई? तीन जणांची लेकरं आजारी पडून झाली, आता हे चौथं. कोणत्या आवारात उभा आहे तुहा मालक?"

"घरी आहे. चालून पाहा."

"मले काय तेवढाच धंदा?"

तिनं पागोटं त्याच्या खाटेवर ठेवलं. "हे त्याचं डोकं आहे. उद्या त्याले द्या. खोटं निघालं तं मले देऊ नका, चुलीत घाला."

 जमादारानं पागोटं उचलून कपाळाले लावलं, उशाशी ठेवलं आणि म्हणाला, "जा. त्या कोपऱ्यावर मी स्वतः बसतो. पोरीले सांभाळा."

निरोप पोचला. आमचं काम झालं.

ती परत आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. ती पोरीजवळ बसते न बसते तोच दुसरी आकडी आली, पहिलीपेक्षा मोठी. ओठ निळे. माझ्या खांद्यावरचा एकच एक पंचा ओला करून पोरीच्या कपाळावर ठेवला होता. तो तिथंच राहिला. मी उठलो आणि परकोटाच्या आत वैद्यबुवाकडे धावलो. अनवाणी, अंगावर पाणी सांडलेलं, डोकं बोडकं.

आमच्याकडे घरात मौत झाली की माणूस डोक्यावरचं उतरवतो; असा बोडका, ओला माणूस रस्त्यानं धावताना दिसला की कोणी विचारत नाही. लोक बाजूले होऊ लागले. एका बाईनं तोंडाले पदर लावला. मले काही कळलं नाही, मी धावतच होतो.

वैद्यबुवा ओट्यावर होते. मी पायरीशी पोचलो, पण छातीत हवा नव्हती. तोंडातून नुसतं रडं निघालं. त्यांनी मले डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, औषधाचा बटवा हातातून खाली ठेवला आणि हात जोडले. "देवाची इच्छा, बाबा. लहानगं होतं का?" मागून दोघांनी माझे खांदे धरले, खाली बसवलं. एक म्हणाला, "रडू द्या त्याले, रडू द्या." दुसरा विचारू लागला, वस्तीत माणसं आहेत का, मूठमातीची तयारी कोण करतं. मी हात झाडत होतो आणि ते अधिकच घट्ट धरत होते. दुःखानं माणूस असाच करतो, असं त्यांना वाटलं.

शेवटी आवाज फुटला. "जिती आहे! पोरगी जिती आहे!"

वैद्यबुवांनी माझ्या डोक्याकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांनी बटवा उचलला आणि ते म्हाताऱ्या पायांनी माझ्यापुढं धावले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तेच केलं जे मीही केलं असतं.

किती वेळ गेला? एक चिलीम भरून ओढून होईल इतका. जास्त नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको पोरीले मांडीवर घेऊन बसली होती. तिसरी आकडी येऊन गेली होती, ती तिनं एकटीनं काढली. वैद्यबुवांनी मात्रा उगाळून जिभेवर लावली, डोक्यावर पाण्याची धार धरायले सांगितली. पोरगी वाचली. पण डावा हात पडला. बोटं हलेनात.

वैद्यबुवा पोरीचा हात चोळत म्हणाले, "थोडं आधी आलो असतो तर..." माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तरीही असंच झालं असतं कदाचित. सांगता येत नाही."

बायको तिथंच होती. तिनं ऐकलं.

मी वाट पाहिली. त्या राती, दुसऱ्या दिवशी, वर्षभर. ती म्हणेल, मी पागोट्याले नाही म्हटलं होतं. भांडणात तरी म्हणेल. मी तिले काय काय बोललो, तिच्या माहेराले, नांदगावले, बोललो, तिच्या स्वयंपाकाले बोललो. तीही उलट बोले, तोंडाची कमी नव्हती. पण ते एक वाक्य तिनं कधी काढलं नाही. पोरीले एका हातानं वेणी घालायले शिकवताना नाही, स्थळं परत गेली तेव्हाही नाही.

शेवटच्या दिवसांत मी तिले विचारलं. म्हटलं, "त्या दिवशीचं तुह्या मनात आहे का?"

ती म्हणाली, "कोणत्या दिवशीचं?"

तिले माहीत होतं कोणत्या. मी पुढं बोललो नाही. बोलायले पाहिजे होतं. पाय चेपत बसलो होतो, तसाच चेपत राहिलो.