पिवळी टिप

भंडाऱ्याला मी आलो तो आठवीतून शाळा सोडून, रत्नागिरीकडच्या एका लेथवर सहा वर्षं घासून. इथल्या कारखान्यात टर्नरची जागा मिळाली, पण कच्ची. सहा महिन्यांनी पक्की करायची की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. घर दोन दिवसांच्या वाटेवर. परत जायचं म्हणजे काय तोंड घेऊन जायचं, हा विचार मला झोपेतही सोडत नसे.

पाचवा महिना चालू होता. पंपाचे चार शाफ्ट आले, स्टेनलेसचे. सळया गिऱ्हाइकाच्याच, मोजून चार. एकही जास्तीची नाही. लोखंड आणि ओतीव बीड मी भरपूर कातलं होतं, स्टेनलेसला हात लावला नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे मिस्त्री कोंढा गावचे. रोज सायकल, बस, पुन्हा चालणं असं करून येत, आणि आल्यापासूनच दमलेले दिसत. शाफ्ट माझ्याकडे देऊन जाता जाता म्हणाले, "पिवळी टिप घेजो गा."

टिप म्हणजे हत्याराच्या तोंडाला बसवायचा कार्बाइडचा छोटा तुकडा. कापतो तोच. मी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन पिवळी टिप मागितली. स्टोअरकीपरने डबी उघडली. "घे कोकणी भाऊ, सोनं आहे सोनं. बायकोच्या नथीत बसवू नको." सोन्यासारखी लखलखीत टिप. मला वाटलं, हीच. एवढ्या महागाची वस्तू मिस्त्रींनी माझ्या हाती दिली, म्हणून छातीही भरून आली.

पहिला शाफ्ट लावला. भीतीने काप अगदी हलका घेतला, फीड म्हणजे हत्यार पुढे सरकायचा वेग, तोही बारीक. कातून निघणारा धातूचा छिलका तुटेना, लांब गुंता होऊन शाफ्टभोवती फिरू लागला. टिपेच्या धारेवर धातूचा गोळा चिकटायचा, सुटायचा, सुटताना सोनं घेऊन जायचा. शाफ्ट कापला जाण्याऐवजी काचेसारखा चमकू लागला. मी आणखी घाबरलो, आणखी हलका काप घेतला. मग तर टिप नुसती किंचाळत वरून घसरू लागली. मापाला फक्त अर्धा मिलिमीटर उरला होता. मशीन बंद करून मी उभा राहिलो. 

आवाज ऐकून मिस्त्री आले.

"काहून गा, कातून राहिला का पॉलिश करून राहिला?"

त्यांनी टिप काढली, धारेवरून नख फिरवलं. "हे कोणं देल्लं तुले?"

"तुम्हीच पिवळी म्हणालात."

 ते स्टोअरमधून दोन डब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवल्या. सोनेरी टिपेच्या डबीवर निळी पट्टी होती. दुसरीवर पिवळी पट्टी, आणि आतली टिप राखाडी, जुन्या चार आण्यासारखी मळकट.

"रंग डबीचा पाह्यचा, बापू. निळा पोलादाचा, लाल बिडाचा, पिवळा स्टेनलेसचा. सोनं म्हणजे वरचं कोटिंग. जाड असते, म्हणून त्याची धार गोल केली रायते. पोलादात जोरानं चालवली का झिजत नाही. पण हा स्टेनलेस चिकट. याले तीख धार पायजे. बोथट्यानं घासला का वरची कातडी कडक होते. अन् तू हलका हलका घासून तेच केलं."

"आता?"

"आता कातडीच्या खालून जाचं. एकाच कापात. थांबाचं नाही."

शाफ्टच्या टोकाला नंतर कापून टाकायचा वाढीव तुकडा होता. मिस्त्रींनी राखाडी टिप लावून आधी तेवढ्यावर काप घेतला, मायक्रोमीटरने माप काढलं. माप बरोबर आलं. वेग कमी केला, फीड वाढवला, पाण्याची धार पूर्ण सोडली.

"हँडल तूच धर," मिस्त्री म्हणाले.

मी नको म्हणालो. त्यांनी हात मागे बांधले. मी फीड टाकला. छिलका आखूड तुकड्यांत पडू लागला, ट्रेमध्ये टपटप. मला श्वास घ्यायची आठवण शाफ्ट संपल्यावर झाली. माप आलं. चमक गेली होती, साधा राखाडी पोत होता.

तेवढ्यात इंजिनिअरसाहेब आले. महागाची टिप धार उडून पडलेली, छिलक्याचा गुंता पायाशी. "कोणाचं काम हे?"



"माह्यं," मिस्त्री म्हणाले. "पिवळी पट्टी म्हणाचं, तं नुसतं पिवळी म्हणलो. पोरगा बरोबर आयकला."

साहेब त्यांना चार शब्द सुनावून गेले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, माझ्यादेखत. मिस्त्रींनी चष्मा पुसला, उरलेले तीन शाफ्ट दाखवले आणि आपल्या मशीनकडे पाय ओढत गेले.

पुढच्या महिन्यात मी पक्का झालो. तेव्हा त्यांना पेढा द्यायला गेलो.  त्यांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि विचारलं, "स्टेनलेस पहिल्यांदाच लावला होता ना रे?"

मी मान डोलावली.

"मंग सांगाचं होतं," ते म्हणाले, आणि बस चुकू नये म्हणून निघाले.