शर्टावरची शाई, सोफ्यावरची शाई

लेकीच्या शाळेच्या शर्टाच्या खिशात बॉलपेन गळलं आणि तशीच ती आमच्या नव्या, तपकिरी चामड्याच्या सोफ्याच्या हातावर रेलली. शाई दोन्हीकडं लागली. शर्ट मी घेतला. खिशात जुनं फडकं घातलं आणि वरून सॅनिटायझर टाकून नुसतं टिपत राहिले. फडकं निळं होत गेलं. मग साबणानं धुतल्यावर डाग उरलाच नाही.

ते बघून नवऱ्यानं बाटली उचलली.

"अहो, चामड्याला ते नको. ओल्या फडक्याला जरासा साबण लावून हळू पुसा. तेबी आधी मागच्या बाजूला बघून."

ऐकेल तो माझा नवरा कसला. त्यानं खसाखसा घासलं. फडक्यावर आधी निळं आलं, मग तपकिरी. सोफ्यावर तळव्याएवढा पांढुरका चट्टा पडला. मी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

रविवारी उचगावहून सासरे आले. सोफा आल्यापासून ते "कापडं मातीची हाईत" म्हणत प्लास्टिकच्या खुर्चीवरच बसायचे. त्यांनी चट्ट्यावरून बोट फिरवलं, मग सोफ्यावर ऐसपैस टेकले.

"चहा आण गं पोरी. आता बसाय येतंय ह्याच्यावर."