पाच टक्के की पंचवीस

बँकेच्या परीक्षेसाठी मी आणि आष्टीची एक मैत्रीण नवीन जालन्यातल्या अभ्यासिकेत बसायचो आणि एकमेकींचे सराव पेपर तपासायचो. उत्तरं जुळली की बरोबरची खूण करायची. त्या दुपारी खूण करताना माझी नजर प्रश्नावर गेली. कोष्टकात एकूण पेऱ्यातला सोयाबीनचा हिस्सा वीस टक्क्यांवरून पंचवीसवर गेला होता आणि आधीच्या हिश्श्याच्या मानाने किती टक्के वाढ झाली, असं विचारलं होतं. दोघींनी पाच लिहिलं होतं. पण पाच हे टक्केबिंदू झाले. विसावर पाच म्हणजे वाढ पंचवीस टक्के.

मी खालच्या प्रश्नातला वर्तुळालेख पाहिला. कपाशीच्या भागावरचे बहात्तर आम्ही टक्के धरले होते. सगळ्या भागांची बेरीज तीनशे साठ येत होती, म्हणजे ते अंश होते. कपाशी फक्त वीस टक्के.

मी दोन्ही प्रश्न मैत्रिणीला दाखवले. ती म्हणाली, "मंग इतके दिवस आपण चुकाच जुळवून राह्यलो?"

आम्ही जुने पेपर काढले आणि प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचला. संध्याकाळपर्यंत निम्म्या खुणा खोडल्या गेल्या.